कंदील कोण उतरवणार?

साताऱ्याच्या आमच्या घरी दिवाळीची सजावट आम्ही मुलं करायचो. वसुबारसेला पोचायचं, दोन दिवस शिडीवर चढउतार करायची, भाऊबीज झाली की पुणे-मुंबई गाठायची. कंदील मात्र त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहायला हवा, हा दादांचा नेम. म्हणजे भाऊबीजेनंतर जवळजवळ तेरा दिवस. त्यानंतर तो खाली कोण काढायचं, हे आमच्यापैकी कुणाला कधी सुचलंच नाही. चार वर्षांपूर्वी दादा, तेव्हा वय पंचाहत्तर, स्वयंपाकघरातलं स्टूल पडवीत घेऊन आले आणि त्यावर चढले. स्टूल कललं. हाड मोडलं नाही, मनगट तेवढं सुजलं. आईने फोनवर सांगितलं तेही आठवड्यानंतर, हळद-तेल लावता लावता.

तेव्हापासून सजावटीचं सामान घेताना मी एकच प्रश्न विचारते: हे आम्ही गेल्यावर खाली कोण काढणार? वय झालेल्या माणसांच्या घरात लावण्यापेक्षा काढण्यात धोका जास्त असतो, कारण लावताना घर भरलेलं असतं आणि काढताना दोघंच असतात.

कंदिलावरचा उपाय विहिरीच्या रहाटाइतका जुना निघाला. कप्पी. पडवीच्या छताला दहा फुटांवर जो हूक होता त्याला एक लहान कप्पी अडकवली आणि तिथून तीन फुटांवर, भिंतीलगत, दुसरी. कंदिलाची दोरी पहिल्या कप्पीवरून दुसरीवर आणि तिथून खाली, जमिनीपासून चार फुटांवर ठोकलेल्या खुंटीपर्यंत. दोरीचा हिशेब खालच्या स्थितीवरून धरायचा. कंदिलाचा माथा पाच फुटांवर आला की कप्पीपासून तो पाच फूट लांब. आडवे तीन, खुंटीपर्यंत सहा. झाले चौदा. गाठींना दोन धरून सोळा फूट दोरी आणली. शेवटच्या टोकाला एक फास बांधला, तो कंदील खाली असताना खुंटीत अडकतो, त्यामुळे दोरी निसटून कप्पीतून पळून जात नाही. त्या फासापासून चार फूट कंदिलाच्या बाजूला दुसरा फास. हा खुंटीत घातला की कंदील वर, माथा नऊ फुटांवर. उरलेली दोरी खुंटीलाच गुंडाळायची. जमिनीवर लोळली तर पायात अडकते.

चूक एक झाली. पहिल्या वर्षी वायर ताणून बांधली होती, त्यामुळे कंदील खाली घेताना दोरीऐवजी वायरच वजन झेलू लागली आणि होल्डरमधून सुटायला आली. आता हुकापासून पुढे सहा फूट वायर सैल ठेवली आहे, मधे जोड नाही, आणि कंदील हलवण्याआधी प्लग काढायचा हे दादांच्या अंगवळणी पडलंय. बल्ब नऊ वॅटचा एलईडी. पूर्वीचे साठ वॅटचे पिवळे बल्ब कागद करपवायचे. कंदील बांबू-कागदाचाच घ्यावा. काचेचा किंवा पत्र्याचा जड कंदील असल्या कप्पीवर नको.

रोज संध्याकाळी दिवे लावायचे आणि रात्री मालवायचे, हाही एक उद्योग. दादा अकराला मालवायला उठायचे, अंधारात. प्लगच्या मधे बसणारं टायमरचं यंत्र आणलं: सहाला चालू, अकराला बंद. चकती फिरणाऱ्या साध्या टायमरची एक खोड आहे, वीज गेली की त्याचं घड्याळही थांबतं. मग दिवे भलत्या वेळी लागतात आणि आई म्हणते, “यात भूत शिरलंय.” आतल्या बॅटरीवर चालणारा डिजिटल टायमर ही तक्रार करत नाही. विजेच्या बिलाची भीतीही हिशेब मांडून घालवली. कंदील आणि दोन माळा मिळून वीस वॅट धरल्या, रोज पाच तास, धनत्रयोदशी ते पौर्णिमा साधारण अठरा दिवस, तर दोन युनिटसुद्धा जळत नाहीत.

माळा लुकलुकणाऱ्या घेतल्या होत्या, त्या परत केल्या. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, बाहुली कमी उघडते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. अशा डोळ्यांना क्षणात झगझगाट आणि क्षणात काळोख असला की पायरी दिसेनाशी होते. म्हणून स्थिर, पिवळसर उजेडाची माळ आणि तीही डोळ्यांवर न येता पायरीच्या बाजूने खाली पाडलेली. एक्स्टेन्शन बोर्ड वाटेत टाकायचा नाही, वायर भिंतीच्या कडेने चिकटपट्टीच्या हुकांतून न्यायची. जुन्या घरात आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग आहे का आणि गळती झाल्यास वीज तोडणारं तीस मिलिअँपिअरचं स्विच आहे का, हे पाहून घेतलेलं बरं.

यानंतर आला आईचा प्रांत, आणि तिथे मी सपशेल हरले. मी स्टिकरची रांगोळी आणली. तिने ती दोन बोटांनी उचलून बघितली आणि म्हणाली, “ही रांगोळी आहे का लेबल?” तिचं खरंच होतं. शिवाय स्टिकरच्या कडा दोन दिवसांत उचलतात आणि चप्पल त्यात अडते. पण उंबऱ्यासमोर गुळगुळीत फरशीवर पसरलेली भुकटी पायाखाली वाळूसारखी सरकते. आणि पायरीच्या कडेवरून रंगीत नक्षी ओढली की पायरी कुठे संपते तेच कळत नाही. शेवटी सुताराकडून दोन फुटांची चौकोनी फळी कापून आणली, तिला गेरू लावला आणि ती दाराशेजारच्या बळकट टेबलावर ठेवली. आई खुर्चीवर बसून ठिपक्यांची रांगोळी काढते. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना वाकून पटकन उठलं की चक्कर येते, ते टळलं. आता दोन तास लागले तरी ती कुरकुरत नाही, उलट जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून दाखवते. पायऱ्यांच्या कडांना मात्र गेरूची बोटभर रुंद रेघ ओढून घेतली. सजावट होते आणि कडही दिसते.

पणत्याही जमिनीवरून वर, कट्ट्यावर, वाळू पसरलेल्या परातीत. मातीच्या पणत्या आधी चार-पाच तास पाण्यात भिजवल्या की तेल कमी पितात, नाहीतर खालून पाझरलेलं तेल फरशीवर येतं आणि सकाळी पाय घसरतो. जिथे आई स्वयंपाक करते किंवा वावरते तिथे खरी पणती नाही, कारण सिंथेटिक साडीचा पदर जळत नुसता जात नाही, वितळून कातडीला चिकटतो. देवापाशी खरी, बाकी ठिकाणी बॅटरीची. झेंडूचं तोरण फक्त लक्ष्मीपूजनाला. तिसऱ्या दिवशी गळालेल्या ओल्या पाकळ्या उंबऱ्यावर निसरड्या होतात. उरलेले दिवस कापडी तोरण, दोन्ही टोकांना कड्या. ते चढवायला-उतरवायला जास्वंदीची फुलं काढायची आकडी पुरते.

सामान माळ्यावर टाकणं बंद केलंय. पलंगाखालच्या एका खोक्यात सगळं मावतं, आणि मावेल तेवढंच ठेवायचं असं ठरलंय. गेल्या वर्षी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. कंदील उतरवून झाला होता, दोरी गुंडाळली होती. कप्पी कुरकुरतेय, तिला खोबरेल घालू की शिवणयंत्राचं तेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं.