पिन बसली, पण व्हील चालेना

सेकंडहँड रेसिंग व्हील स्वस्तात मिळालं की ते घरी आणून यूएसबीची पिन कन्सोलमध्ये खुपसायची आणि मग गेम ते ओळखतच नाही म्हणून डोकं धरायचं, हे बऱ्याच घरांत घडतं. कॉम्प्युटरला जे जोडाल ते तो सहसा चालवून घेतो. कन्सोल मात्र आधी ओळखपत्र मागतो. परवाना घेतलेल्या कंट्रोलरमध्ये त्यासाठी खास चिप असते आणि तिच्याकडून बरोबर उत्तर आलं, तरच दार उघडतं.

लॉजिटेकची तीन व्हील्स बघा. दिसायला भावंडंच. त्यातलं जी २९ प्लेस्टेशनचं, जी ९२० एक्सबॉक्सचं, तर जी २७ प्लेस्टेशन ३ च्या जमान्यातलं. प्लेस्टेशन ५ वर थेट चालतं ते फक्त जी २९. त्यावरचं छोटं बटण ‘PS4’ कडे सरकवायचं, पेडलची वायर कन्सोलला न जोडता व्हीललाच जोडायची, यूएसबी आणि वीज दोन्ही लावायच्या. व्हील आपोआप डावी-उजवीकडे टोकापर्यंत फिरून मध्यावर थांबतं. मग ‘PS’ बटण दाबून आपलं खातं निवडायचं.

व्हील फिरलंच नाही, तर आधी विजेकडे बघा. यूएसबीतून मिळतात ५ व्होल्ट. हाताला झटके देणाऱ्या मोटरला ते पुरत नाहीत, म्हणून जी २९ सोबत २४ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर येतो. पिन बसते म्हणून घरातला दुसराच अ‍ॅडॅप्टर लावू नका. व्होल्टेज आणि पिनची दिशा जुळायला हवी, शिवाय अँपिअर मूळ अ‍ॅडॅप्टरपेक्षा कमी नकोत. आर्केड स्टिकमध्ये मोटर नसते, तिला यूएसबीची वीज भरपूर होते.

स्टिकची अडचण ओळखीचीच. चिप नसलेली स्टिक प्लेस्टेशन ४ वर सुरुवातीला झकास चालते आणि साधारण आठ मिनिटांनी ऐन मारामारीत बंद पडते. वायर बिघडली असं वाटतं, पण तिचा दोष नसतो. परवानाधारक प्लेस्टेशन ४ ची स्टिक प्लेस्टेशन ५ वर जुन्या गेमना चालते. नव्या गेमचं मात्र बनवणाऱ्यांच्या मर्जीवर असतं. ‘स्ट्रीट फायटर ६’ ती चालवून घेतो.

परकं व्हील किंवा स्टिक चालवायला मध्ये बसवायचे कन्व्हर्टर मिळतात. त्यांतल्या अनेकांना कन्सोलचा मूळ कंट्रोलर वायरने जोडावा लागतो. ओळख विचारली की कन्व्हर्टर प्रश्न त्याच्याकडे सरकवतो आणि उत्तर परत आणतो. उधारीची ही ओळख कायम टिकेल याची खात्री नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून एक्सबॉक्सने परवाना नसलेली उपकरणं अडवायला सुरुवात केली आणि पडद्यावर 0x82d60002 हा कोड झळकू लागला.

त्यामुळे सेकंडहँड व्हील घेताना विक्रेत्याकडे मूळ अ‍ॅडॅप्टर आहे का ते विचारा, आणि पैसे देण्याआधी तुमच्याच कन्सोलवर, तुमच्याच गेममध्ये ते चालवून बघा.