एका अदलाबदलीची सहा माणसे

ही गोष्ट पुण्यातल्या खराडीच्या एका कॉल सेंटरची आहे. माणसे आणि त्यांची नावे कल्पित आहेत, पण त्यांना अडवणारे हिशेब खरे आहेत. विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन इथे मराठीत, हिंदीत आणि कन्नडमध्ये घेतले जातात. दिवसाच्या तीन पाळ्या आहेत: सकाळची सात ते चार, जनरल दहा ते सात आणि सेकंड म्हणजे एक ते दहा. पाळी नऊ तासांची, त्यात तासभर ब्रेक.

नंदा मूळची अक्कलकोटची. घरी मराठी, शेजारी कन्नड, त्यामुळे दोन्ही भाषा सारख्याच सहज. तिच्या आईला शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्यातून घरी सोडणार होते आणि रात्री आईजवळ थांबायला दुसरे कोणी नव्हते. रोस्टरवर मात्र शुक्रवारी नंदाची सेकंड होती. बुधवारी कँटीनमध्ये तिने प्रकाशला विचारले, "शुक्रवारी माझी सेकंड घेशील का? तुझी सकाळची मी करते." प्रकाश लगेच हो म्हणाला. दोघांनी अर्ज टाकला. टीएलने पाहिले की सकाळी एक गेला, एक आली. दुपारी एक गेली, एक आला. माणसे तितकीच. अर्ज मंजूर झाला.

पहिली अडचण गुरुवारी सकाळी प्रकाशच्याच लक्षात आली. शनिवारी त्याची सकाळची पाळी होती. शुक्रवारी रात्री दहाला सुटून शनिवारी सकाळी सातला पुन्हा हेडसेट लावायचा, म्हणजे मध्ये नऊ तास. त्यात उरुळी कांचनला जाणे-येणे, जेवण आणि झोप. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तासांची विश्रांती हवी, असा या कंपनीचा नियम होता. युरोपियन युनियनच्या कामाच्या वेळेच्या कायद्यातही हाच आकडा आहे. अदलाबदल करताना माणूस ज्या दिवसाची पाळी बदलायची तेवढाच दिवस पाहतो. नियम मोडतो तो बहुधा दुसऱ्या दिवशी.

प्रकाशने मग रेश्माला गाठले. शनिवारी तिची जनरल होती. तिने सकाळची घ्यावी आणि प्रकाशने जनरल करावी, असे ठरले. आता प्रकाशला बारा तास मिळत होते आणि शुक्रवारी सातला सुटणाऱ्या रेश्मालाही बारा. हाही अर्ज मंजूर झाला. रेश्माने मात्र जाता जाता सांगून ठेवले, "मंगळवारी माझी परीक्षा आहे. तेव्हा तू माझी पाळी घ्यायचीस." फ्लोअरवर अशा अदलाबदली खेड्यातल्या सावडीसारख्या चालतात. आज मी तुझ्या रानात राबलो, उद्या तू माझ्या. लिहून कोणी ठेवत नाही, विसरत कोणीच नाही. म्हणजे पुढच्या आठवड्यातली एक अदलाबदल त्याच क्षणी ठरून गेली.

गुरुवारी दुपारी ट्रान्सपोर्ट डेस्ककडे नवी यादी गेली आणि तिथे वेगळाच प्रश्न निघाला. सकाळच्या पाळीची एक कॅब उरुळी कांचनहून निघते. पहिला पिकअप प्रकाशचा, मग लोणी काळभोरला शबाना, पुढे मुंढव्यावरून खराडी. शनिवारी प्रकाश त्या कॅबमध्ये नसणार, म्हणजे पहाटेच्या अंधारात पहिली चढणारी व्यक्ती शबाना. अशा वेळी बाई पहिली चढू नये आणि रात्री शेवटची उतरू नये, नाहीतर सोबत सुरक्षारक्षक द्यावा, हा नियम आहे. त्यामागे जीव गेलेले आहेत. २००५ मध्ये बंगळुरूत आणि २००७ मध्ये पुण्याजवळ कामावर निघालेल्या बीपीओतल्या तरुणींचे खून झाले आणि दोन्ही वेळा संशयाची सुई गाडीच्या चालकाकडे वळली. त्यानंतर कॅबच्या याद्यांकडे बघण्याची कंपन्यांची दृष्टी बदलली. हा नियम कोणी कटकट म्हणून बाजूला सारू नये.

शनिवारसाठी रक्षक मोकळा नव्हता. मग ट्रान्सपोर्टने मांजरीच्या सागरला त्याच्या नेहमीच्या कॅबमधून काढून या कॅबमध्ये घातले. गाडी आधी सागरला घेणार, त्याला घेऊन लोणी काळभोरला जाणार आणि मग मागे फिरणार. सागरचा पिकअप चाळीस मिनिटे आधी आला. शबाना आणि सागर या दोघांनीही कसलाच अर्ज केला नव्हता. शुक्रवारी ही अडचण आली नाही, ती केवळ त्या दिवशी शबानाची सुट्टी होती आणि चंदननगरला राहणारी नंदा स्वतःच्या स्कूटरने येणार होती म्हणून.

सर्वांत महागात पडलेली गोष्ट शुक्रवारी दुपारी कळली. प्रकाशला कन्नड येत नाही.

इथे थोडा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण एका माणसाने काय बिघडते हे त्याशिवाय पटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत कन्नडच्या रांगेत तासाला साठ फोन येतात आणि एका फोनला सरासरी पाच मिनिटे लागतात असे धरू. साठ गुणिले पाच म्हणजे तीनशे मिनिटांचे बोलणे. एका तासात ते उरकायला पाच माणसे. पण फोन दर मिनिटाला एक असे शिस्तीत येत नाहीत. दोन मिनिटे शांतता असते आणि मग चार फोन एकदम. किती माणसे बसवली तर लोकांना किती थांबावे लागेल, याचे गणित आग्नेर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना मांडले. त्याचा पहिला निबंध १९०९ चा आणि थांबण्याच्या वेळेचे सूत्र १९१७ चे. रोस्टर बनवणारे आजही त्याच सूत्राने सुरुवात करतात.

त्या सूत्रात वरचे आकडे घातले की पाच माणसांवर रांग कधीच संपत नाही, ती वाढतच जाते. सहा माणसे असतील तर ग्राहक सरासरी जवळजवळ तीन मिनिटे थांबतो. सात असतील तर सुमारे पन्नास सेकंद, आठ असतील तर सतरा. शंभरातले ऐंशी फोन वीस सेकंदांत उचलले जावेत, हे या धंद्यातले जुने आणि सर्रास वापरले जाणारे उद्दिष्ट. आठ माणसांवर ते गाठता येते, कारण शहाऐंशी फोन वेळेत उचलले जातात. सातांवर बहात्तर आणि सहांवर पंचेचाळीसच.

नंदा त्या आठांपैकी एक होती. ती गेल्यावर कन्नडच्या रांगेत सात उरले आणि त्या दिवशी आणखी एकीला ताप आला, म्हणजे सहा. फ्लोअरवर एकूण माणसे भरपूर दिसत होती. प्रकाश तिथेच बसला होता, अधूनमधून मोकळाही होता, पण कन्नड फोन त्याच्याकडे वळत नव्हते. भिंतीवरच्या स्क्रीनवर थांबलेल्यांचा आकडा चढत गेला. प्रत्यक्षात तर सूत्रापेक्षा चित्र अधिक गुंतागुंतीचे असते, कारण सूत्र असे धरते की प्रत्येक जण फोन लागेपर्यंत थांबतो. खरा माणूस दोन मिनिटांनी फोन ठेवतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावतो. त्याचा एकच प्रश्न रांगेत दोनदा मोजला जातो. एखाद्या संध्याकाळी त्याच नंबरांवरून पुन्हा पुन्हा फोन येताना दिसले, तर फोनचे प्रमाण वाढले असे लगेच समजू नये. बहुतेक वेळा उचलणारे कमी पडलेले असतात.

शेवटी जनरल पाळीतल्या गिरीशला थांबवले. तो जतचा, त्याला कन्नड चांगले येते. सातला सुटायचा तो नऊला सुटला. राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे जादा तासांचे वेतन दुप्पट द्यावे लागते. शिवाय सहाचे सातच झाले, आठ नाहीच.

आता मागे वळून रोस्टर समोर ठेवले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. बुधवारीच तिघांची मिळून एक अदलाबदल केली असती तर? नंदाने प्रकाशची सकाळची घ्यायची, गिरीशने नंदाची सेकंड घ्यायची आणि प्रकाशने गिरीशची जनरल. कन्नड बोलणारा माणूस रात्री दहापर्यंत जागेवर राहतो. सकाळी गिरीशच्या जागी नंदा असते. दुपारी चार ते सात कन्नडचा एक माणूस कमी होतो खरा, पण त्या वेळी जनरल आणि सेकंड दोन्ही पाळ्या हजर असल्याने मूळ रोस्टरवर नऊ माणसे होती, ती आठ होतात. त्या संध्याकाळी ताप आलेली मुलगी आली नसती तरी सात उरले असते आणि गिरीश थांबल्यावरही सातच होते. प्रकाश शुक्रवारी सातला सुटतो, शनिवारी सकाळी सातला येतो, बारा तास पुरे. त्यामुळे शनिवारची त्याची पाळी तशीच राहते, रेश्माला विचारावे लागत नाही, शबानाची कॅब बदलत नाही, सागर चाळीस मिनिटे अधिक झोपतो आणि मंगळवारची उधारी उभीच राहत नाही. गिरीशची शनिवारी जनरल असल्याने त्यालाही बारा तास मिळतात.

तिघांची अदलाबदल सुचली नाही, कारण नंदाला फक्त प्रकाशचे रोस्टर ठाऊक होते. कोणाला कोणती भाषा येते, कोणाची दुसऱ्या दिवशी कोणती पाळी आहे, कोण कुठून कॅबमध्ये चढतो, कोणत्या बाईने साडेनऊनंतर काम करायला संमती दिली आहे (२०१७ च्या त्याच कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेसाठी ती लागते), हे सगळे एकत्र फक्त रोस्टर विभागाच्या संगणकावर असते. टीएलच्या मंजुरीच्या पानावर त्यातले काहीच दिसत नव्हते. त्याने डोकी मोजली आणि मोजणी बरोबर होती.

अशा शुक्रवारनंतर अनेक ठिकाणी पहिली प्रतिक्रिया येते ती अदलाबदल बंद करण्याची. माझ्या मते तो सर्वांत वाईट उपाय. आईला घरी आणायचे असताना अदलाबदल मिळाली नाही, तर नंदा शुक्रवारी आजारी असल्याचे कळवेल. रोस्टरवर भोक तेवढेच पडेल आणि ते दोन दिवस आधी नव्हे, दोन तास आधी कळेल. बंद करायची तर दोघांनी आपसात ठरवायची पद्धत बंद करावी. नंदाने फक्त "शुक्रवारी चारनंतर मला मोकळीक हवी" एवढे लिहून द्यावे आणि जोडी, गरज पडल्यास तिघांची साखळी, रोस्टर विभागाने लावून द्यावी. मंजुरीच्या पानावर आदल्या आणि दुसऱ्या दिवशीची पाळी, भाषा आणि कॅबमधला क्रम हे तीन रकाने वाढवायला फार खर्च येत नाही. हे काम माहिती ज्याच्याकडे आहे त्याचे आहे, कँटीनमध्ये भीत भीत विचारणाऱ्या मुलीचे नाही.