कोलेस्टेरॉल सारखंच, गोळी मात्र वेगळी

लिपिड प्रोफाइलचे दोन रिपोर्ट समोर आहेत असं धरू. दोन्हींत एकूण कोलेस्टेरॉल २५०. पहिल्यात एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५०. दुसऱ्यात एचडीएल ३०, ट्रायग्लिसराइड ७००. जीवरसायनशास्त्राच्या परीक्षेत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणाला कोणतं औषध?

चरबी रक्तात विरघळत नाही, म्हणून ती प्रथिनांच्या वेष्टणात फिरते. जेवणातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन आणतात. यकृतात तयार झालेले ट्रायग्लिसराइड व्हीएलडीएल बाहेर नेतं. वाटेत लायपोप्रोटीन लायपेज हे विकर त्यातले ट्रायग्लिसराइड फोडतं, स्नायू आणि चरबीच्या पेशी ते घेतात आणि शेवटी उरतं ते कोलेस्टेरॉलने भरलेलं एलडीएल. ते मुख्यतः यकृतच आपल्या ग्राहींनी रक्तातून ओढून घेतं. या ग्राहींच्या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

आता पहिला रिपोर्ट. नेहमीच्या हिशेबात ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून व्हीएलडीएल काढतात: १५० भागिले ५ म्हणजे ३०. मग २५० मधून ४० आणि ३० वजा केले की एलडीएल १८०. इथे स्टॅटिन. ते यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी अडवतं. आतला साठा घटला की यकृताच्या पेशी पृष्ठभागावर जास्त ग्राही आणतात आणि रक्तातलं एलडीएल खेचून घेतात. स्टॅटिनचा खरा परिणाम असा दुसऱ्या पायरीवर होतो. तेवढ्याने भागलं नाही तर इझेटिमाइब जोडतात. ते आतड्यातलं कोलेस्टेरॉलचं शोषण रोखतं.

दुसऱ्या रिपोर्टात तोच हिशेब केला तर एलडीएल ८० येतं आणि सगळं ठीक वाटतं. पण ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही. एलडीएल थेट मोजावं लागतं. अशा रक्ताचा सीरम अनेकदा दुधाळ दिसतो. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे वाढत गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोकाही वाढतो. म्हणून अनियंत्रित मधुमेह किंवा दारू हे कारण आहे का, ते आधी पाहतात आणि औषध म्हणून फायब्रेट निवडतात. ते लायपोप्रोटीन लायपेजचं काम वाढवून व्हीएलडीएल रिकामं करतं. इथे पित्ताम्ल बांधणारं कोलेस्टिरामिन दिलं तर उलटंच होतं, कारण त्याने ट्रायग्लिसराइड आणखी वाढतात.

एचडीएल सर्वांत जास्त वाढवणारं जुनं औषध कोणतं, या प्रश्नाचं उत्तर नायसिन. पण स्टॅटिन घेणाऱ्यांना ते जोडून दिलं, तेव्हा मोठ्या चाचण्यांत हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

म्हणून रिपोर्ट हाती आला की एकूण आकड्यावर थांबू नका. ट्रायग्लिसराइडची ओळ आधी वाचा, आणि शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.