एसीचं पाणी खोलीत का गळतं?

ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये दिवाळीआधी रंगकाम झालं. त्यासाठी भिंतीवरचा स्प्लिट एसी उतरवला आणि काम संपल्यावर पुन्हा चढवला. हिवाळ्यात कुणी तो फारसा लावला नाही, मार्चमध्येही तक्रार नव्हती. जूनमध्ये हवा दमट झाली आणि पहिल्याच रात्री युनिटच्या डाव्या कोपऱ्यातून थेंब पडू लागले. नव्या रंगावर ओघळ उतरले, खालची गादी भिजली. अशा वेळी घरातल्यांच्या मनात पहिली शंका येते ती गॅसची. इथे मात्र गॅसचा काही संबंध नव्हता.

हे पाणी एसी स्वतः बनवत नाही, ते खोलीच्या हवेतलं असतं. पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम पाण्याची वाफ असते. एसीने खोली 24 अंशांवर आणली आणि आर्द्रता 55 टक्क्यांवर उतरली, की त्यातली जेमतेम 12 ग्रॅम उरते. बाकीची आतल्या थंड कॉइलवर दंव धरावं तशी जमते आणि खालच्या ट्रेमध्ये टपकते. दारं-फटींतून नवी दमट हवा येतच राहते, त्यामुळे दीड टनाच्या एसीतून अशा हवेत तासाला लिटरभर पाणी सहज निघतं. कोरड्या दिवसांत ते इतकं कमी असतं, की बसवण्यातली चूक महिनोन्‌महिने लपून राहते. ठाण्यात तेच घडलं होतं.

भिंतीवरच्या नेहमीच्या युनिटमध्ये हे पाणी बाहेर ढकलणारा पंप नसतो. ट्रेमधून ड्रेन पाइपमध्ये आणि तिथून बाहेर, हा सगळा प्रवास केवळ उताराच्या जोरावर होतो. म्हणून गळतीची बहुतेक कारणं दोनच प्रश्नांत सापडतात: वाट मोकळी आहे का, आणि उतार बरोबर आहे का?

वाट बहुधा आतूनच बुजते. फिल्टरमधून निसटलेली धूळ ओल्या ट्रेमध्ये बसते, त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढून बुळबुळीत थर होतो आणि तो सरकत जाऊन पाइपच्या तोंडाशी अडकतो. कधी बाहेरच्या टोकात कुंभारमाशी मातीचं घर करते. काही घरांत पाइपचं टोक बाल्कनीतल्या बादलीत सोडलेलं असतं. बादली भरून टोक पाण्यात बुडालं की पाइपमधली हवा कोंडते आणि पाणी अडतं. मध्येच झोळ पडलेला किंवा खिडकीच्या चौकटीवरून वर चढवलेला पाइपही हेच करतो. ओळखायची खूण सोपी आहे: एसी तासभर चालूनही बाहेरच्या टोकातून थेंब नाही आणि खोलीत मात्र गळतंय, तर बहुधा पाइप तुंबलेला असतो.

ठाण्यातल्या मेकॅनिकने आधी पाइपच पाहिला. एमसीबी बंद केला, पुढचं झाकण उघडलं आणि सर्किट बोर्डाची बाजू टाळून कॉइलवर बाटलीने अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतलं. बाहेरून धार लागली, पण ती लवकर बारीक झाली. त्याने बाहेरच्या टोकाला ओलं ओढणारा व्हॅक्यूम लावला, तेव्हा थोडा काळपट गाळ आला. बाहेरून हवा आत फुंकायचं त्याने टाळलं हे योग्यच होतं, कारण फुंकलेला गाळ ट्रेमध्ये परततो. पाइप मोकळा झाला. दुसऱ्या रात्री डावा कोपरा पुन्हा गळला.

मग पाणसळ काढली. युनिटच्या माथ्यावर ठेवताच बुडबुडा उजवीकडे गेला, म्हणजे डावी बाजू खाली होती. सुमारे 85 सेंटिमीटर लांबीत 1 सेंटिमीटरचा फरक होता. निचऱ्याचं तोंड उजवीकडे होतं. ट्रे आधीच उथळ, त्यामुळे पाणी डावीकडे साचून पाइपपर्यंत पोचण्याआधी कडेवरून सांडत होतं. मागच्या पत्र्याचा डावा स्क्रू रंगकामानंतर सैल प्लगमध्येच पुन्हा पिळला होता आणि वजनाने तो पत्रा खाली आला होता. नवीन भोक, नवा प्लग आणि पाणसळीने लावलेला पत्रा, एवढ्यावर गळती थांबली.

युनिट सपाट असावं, किंवा निचऱ्याच्या बाजूला दोन-चार मिलिमीटर खाली. जास्त तिरकं करायची गरज नाही. खालच्या खाचा पत्र्यात नीट अडकल्या नाहीत, तर युनिट पुढे झुकतं आणि पाणी समोरच्या कडेवरून पडतं. काही मॉडेलमध्ये निचऱ्याची दोन तोंडं असतात. न वापरलेल्या तोंडाचं रबरी बूच सैल राहिलं, तर त्या बाजूने थेंब येतात.

एक प्रकार मात्र वेगळा आहे. वारा मंद झाला असेल, कॉइलवर बर्फ दिसत असेल आणि एसी बंद केल्यावर एकदम पाणी कोसळत असेल, तर कारण मळलेला फिल्टर किंवा खरोखरच कमी झालेला गॅस असतो. फिल्टर धुऊनही बर्फ धरला, तरच गॅसची तपासणी करून घ्यावी.

एसी नवा बसवताना किंवा रंगकामानंतर पुन्हा चढवताना मेकॅनिकला निघण्याआधी दोन गोष्टी करून दाखवायला सांगा: युनिटवर ठेवलेली पाणसळ आणि कॉइलवर ओतलेल्या अर्ध्या लिटर पाण्याची बाहेर पडणारी धार.