पेंढ्यावरची शर्यत

धिंगरी अळिंबीची पिशवी भरली की तिच्यात शर्यत लागते. एकीकडे अळिंबीची पांढरी बुरशी, दुसरीकडे हिरवी. दोघींनाही पेंढाच खायचा असतो. पहिल्या पंधरवड्यात जी तो व्यापते, पिशवी तिची.

दहा किलो कोरडा भाताचा पेंढा घ्या. तो स्वच्छ, पिवळाधमक आणि न भिजलेला हवा. बोटभर लांबीचे तुकडे करून रात्रभर पाण्यात ठेवायचे. सकाळी ते गढूळ पाणी फेकायचे, कारण त्यात उतरलेल्या साखरेवर हिरव्या बुरशीचा डोळा असतो. मग पेंढा सुमारे ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवायचा. यात तो पूर्ण निर्जंतुक होत नाही, आणि तसा व्हायलाही नको. उष्णता सोसून उरलेले काही निरुपद्रवी जिवाणू जागा अडवून बसतात. ती मोकळी राहिली तर हवेतून येणारा पहिला बीजाणूच मालक होतो.

पेंढा निथळून गार होऊ द्यावा. मूठभर घेऊन घट्ट आवळला की एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर आणखी निथळू द्यायचा. माझ्या मते निम्म्या पिशव्या इथेच बिघडतात. दहा किलोंचा पेंढा आता साधारण तीस किलो भरतो. त्याला दोन टक्क्यांनी सहाशे ग्रॅम स्पॉन, म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेले बियाणे. एकेका थरावर, विशेषतः कडेने, ते पसरत सहा पिशव्या भरायच्या, दाबून तोंड बांधायचे आणि बारीक भोके पाडायची.

अंधाऱ्या खोलीत २२ ते २८ अंशांत दोन-तीन आठवड्यांत पिशवी पांढरी होते. हिरवी बुरशीही आधी पांढरीच असते, म्हणून रोज बघावे. हिरवे डाग फक्त भोकांपाशी असतील तर संसर्ग बाहेरून आला. सगळीकडे असतील तर पेंढा नीट तापला नाही किंवा बियाणेच खराब होते. तळाशी आंबूस वास येत असेल, तर पाणी साचले. अशी पिशवी खोलीत उघडू नये. बाहेर नेऊन पुरावी.

पांढरी पिशवी फाडली की अळिंबीला उजेड, खेळती हवा आणि ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. कोकणात पावसाळ्यात ती फुकट मिळते. देशावर हिवाळ्यात ओली गोणपाटे टांगून दिवसात दोन-तीनदा फवारावे लागते, तेही भिंतींवर आणि जमिनीवर. कोवळ्या गाठींवर पाणी साचले की त्या पिवळ्या पडून सडतात. छत्रीच्या कडा चिरल्या तर हवा कोरडी आहे. देठ लांब आणि छत्री इवलीशी असेल, तर खोली कोंदट आहे, खिडकी उघडा.

छत्रीच्या कडा वर वळण्याआधी पिळून काढणी करावी. उशीर झाला की बीजाणूंची पांढरी धूळ उडते आणि खोलीत काम करणाऱ्याला खोकला लागतो, म्हणून तोंडाला मास्क हवाच.