एकच निरोप, मराठीत दोन मेसेज

समजा, तुम्हाला कल्याण-डोंबिवलीतल्या दहा हजार नळधारकांना हा एसएमएस पाठवायचा आहे:

कल्याण-डोंबिवली परिसरात मंगळवारी सकाळी ९ ते रात्री ९ पाणीपुरवठा बंद राहील. कृपया पाणी जपून वापरावे.

बिल मात्र वीस हजार मेसेजचं येईल. हाच निरोप मी इंग्रजीत लिहून पाहिला, तर दहा हजारांत काम झालं. का?

पहिला संशय काना-मात्रांवर जातो. 'कल्याण' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण संगणक क, ल, हलन्त, य, काना आणि ण असे सहा मोजतो. करून बघा:

```python
len("कल्याण".encode("utf-16-be")) // 2   # 6
```

पण वरचा अख्खा निरोप असा मोजला तर ९९ भरतो, आणि माझा इंग्रजी निरोप ९७. म्हणजे खरी गोम वेगळीच आहे.

एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे ११२० बिट असतात. जीएसएमच्या मूळ वर्णमालेत रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरी त्या वर्णमालेत नाही. मग फोन यूसीएस-२ वापरतो, त्यात प्रत्येक चिन्हाला १६ बिट. ११२० भागिले १६, उरले फक्त ७०. हा बदल पूर्ण मेसेजला लागतो: इंग्रजी मजकुरात एकच मराठी अक्षर, किंवा नुसतं ₹ चिन्ह आलं तरी मर्यादा ७० वर येते. (म्हणून Rs. लिहिणं स्वस्त पडतं!)

७० ओलांडले की तुकडे होतात. हे तुकडे फोनने क्रमाने जोडावेत म्हणून प्रत्येकात सहसा ६ बाइटची ओळखपट्टी घालतात. उरतात १३४ बाइट, म्हणजे ६७ चिन्हं. आपला पहिला तुकडा बरोबर 'बंद'पाशी संपतो आणि 'राहील' दुसऱ्यात जातं. वाचणाऱ्याला हे कळत नाही, कारण फोन जोडून दाखवतो. पण दर तुकड्यामागे लागतो. शिवाय एखादा तुकडा वाटेत अडकला, तर निरोप अर्धवट दिसतो किंवा दिसतच नाही.

निव्वळ पहिलं वाक्य पाठवलं तर? ७४. चारसाठी दुसरा तुकडा! 'राहील' काढून 'पाणीपुरवठा बंद.' एवढंच ठेवलं की ६८, आणि एका मेसेजात काम भागतं. 'जपून वापरा' ही विनंती मात्र गेली. मला हा सौदा पटत नाही, पण तो रोज कुणीतरी करत असणार.

यावर तांत्रिक तोडगा आहे. मानकात हिंदीसह काही भारतीय भाषांसाठी ७ बिटांची टेबलं नंतर आली. मराठीचं स्वतंत्र टेबल त्यात नाही. आणि ही टेबलं समोरच्या फोनलाही कळावी लागतात. दहा हजार फोनांपैकी कुठले ती जाणतात हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो यूसीएस-२ वरच राहतो.