‘एक्स्टर्नल’ना बोलावणारं पत्र

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तपासायला बाहेरचे तज्ज्ञ येतात. बहुतेकदा अहवाल त्यांच्या हाती त्याच दिवशी पडतो. वीस मिनिटांत पानं चाळून होतात, चार प्रश्न विचारले जातात आणि सही होते. अंतिम परीक्षेचा बहिःस्थ परीक्षक विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज नेमतं. त्याच्याशी विद्यार्थ्यांनी परस्पर संपर्क साधायचा नसतो. पण त्याआधीच्या अंतर्गत परीक्षणासाठी एखाद्या कामातल्या माणसाला बोलावता येतं. गाईडच्या संमतीने आणि विभागप्रमुखांमार्फत विद्यार्थी त्यांना पत्र लिहू शकतात. या पत्रात चर्चेचे विषय नेमके मांडले, तर येणारा माणूस तयारीने येतो आणि परीक्षणाला अर्थ येतो.

स्थापत्य शाखेतला एक नेहमीचा प्रकल्प उदाहरणासाठी घेऊ. काँक्रीटमधल्या सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची बारीक राख, घालायची आणि ताकद किती राहते ते पाहायचं. नाशिकच्या चार मुलांनी एका रेडीमिक्स प्लांटच्या गुणवत्ता विभागातल्या इंजिनिअरना पत्र लिहिलं असं समजू. ते साधारण असं असेल:

“आदरणीय सर, सविनय नमस्कार.

आम्ही स्थापत्य अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी. एकलहरे केंद्रातली फ्लाय ॲश १०, २० आणि ३० टक्के वापरून एम-२५ काँक्रीटची ताकद तपासणे हा आमचा प्रकल्प आहे. राख न घातलेले मिश्रण धरून चार मिश्रणांचे एकूण ३६ क्यूब आम्ही भरले. ७ आणि २८ दिवसांचे फोडून झाले आहेत. ५६ दिवसांचे १२ क्यूब अजून पाण्यात आहेत. आपण येऊन आमचे काम तपासावे, ही विनंती. आम्हाला पुढील विषयांवर आपल्याशी बोलायचे आहे.

१. आम्ही पीपीसी सिमेंट वापरले. त्यात आधीच २५ टक्के फ्लाय ॲश आहे. मग आमचे प्रमाण खरे किती?

२. २० टक्क्यांच्या मिश्रणाचे २८ दिवसांचे तीन क्यूब ५२०, ६४० आणि ७६० किलोन्यूटनला फुटले. ही सरासरी धरावी का?

३. ५६ दिवसांच्या निकालावर निष्कर्ष काढता येईल का?

४. असे काँक्रीट स्लॅबला वापरले तर टेकू कधी काढावेत?

सोबत मिक्स डिझाइन आणि सर्व क्यूबच्या नोंदी जोडल्या आहेत.

आपले विनम्र…”

या पत्रात प्रकल्पाचं कौतुक नाही आणि ‘आपले बहुमोल मार्गदर्शन लाभावे’ अशी मोघम विनंतीही नाही. चारही विषय मुलांना जिथे शंका आहे तिथले आहेत.

पहिला विषय सगळ्यात महत्त्वाचा. दुकानात सहज मिळणारं सिमेंट बहुधा पीपीसी असतं. मानकाप्रमाणे त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते. मुलांनी या सिमेंटचा पाचवा भाग काढून राख घातली. उरलेल्या ८० भागांतले २० भागही राखच होते. त्यामुळे शंभरातली राख ४० झाली आणि निव्वळ सिमेंट ६०च राहिलं. याच हिशेबाने १० टक्क्यांचे साडेबत्तीस होतात आणि ३० टक्क्यांचे साडेसत्तेचाळीस. तुलनेसाठी ठेवलेल्या ‘शून्य टक्के’ मिश्रणातही २५ टक्के राख आहेच. एवढं लक्षात न घेता ‘२० टक्के राखेने ताकद घटते’ असा निष्कर्ष छापला, तर तो चुकीचा ठरतो. फक्त राखेचा परिणाम पाहायचा असेल तर ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट, वापरावं लागतं.

दुसरा विषय आकड्यांचा. क्यूबची बाजू १५० मिलिमीटर असते, म्हणजे दाब २२,५०० चौरस मिलिमीटरवर पडतो. त्यावरून तीन क्यूबची ताकद चौरस मिलिमीटरला २३.१, २८.४ आणि ३३.८ न्यूटन निघते. सरासरी २८.४. एम-२५ म्हणजे २५, तेव्हा वरवर पाहता सगळं ठीक आहे. पण नियम असा की कुठलाही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर नसावा. इथे ती मर्यादा २४.२ ते ३२.७ आहे आणि दोन क्यूब तिच्या बाहेर आहेत. म्हणून ही सरासरी धरता येत नाही.

फरक का पडला, हे फुटलेले तुकडे पाहून बरंच कळतं. नीट फुटलेल्या क्यूबच्या चारही बाजू सारख्या तडकतात आणि मधे दोन पिरॅमिड टोकाला टोक लावून ठेवल्यासारखा भाग उरतो. एकाच बाजूला तडा गेला असेल तर दाब सारखा पडलेला नसतो. नेहमीची चूक म्हणजे थापीने सारखा केलेला वरचा पृष्ठभाग मशीनच्या पट्टीखाली ठेवणं. तो कधीच पुरता सपाट नसतो. क्यूब आडवा करून साच्याला टेकलेल्या बाजूंवर दाब द्यायचा असतो. दुसरी शक्यता म्हणजे साच्यात काँक्रीट नीट ठासलेलं नसणं. मग क्यूबच्या अंगावर भोकं दिसतात आणि वजन इतरांहून कमी भरतं. म्हणून तुकडे फेकू नयेत. फोडण्याआधीच्या वजनाची नोंद आणि फुटल्यानंतरचा फोटोही ठेवावा.

तिसरा विषय राखेच्या स्वभावाचा. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना मोकळा होतो. राखेतली सिलिका त्या चुन्याशी सावकाश जुळते आणि नवा बंध तयार होतो. म्हणून राखेचं काँक्रीट २८ दिवसांना मागे असतं आणि पुढे, सतत ओलावा मिळाला तर, ताकद भरून काढतं. ९० दिवसांचा निकाल हवा असेल तर एप्रिलच्या परीक्षणासाठी क्यूब जानेवारीच्या सुरुवातीलाच भरलेले हवेत. उशीर झाला असेल तर निष्कर्षात ‘५६ दिवसांपर्यंत’ हे शब्द घालावेत.

चौथा विषय प्रयोगशाळेतून साइटवर नेणारा आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, असं आयएस ४५६ सांगतं. पण ही मुदत साध्या सिमेंटसाठी आहे. राखेच्या काँक्रीटची ७ दिवसांची ताकद कमी असेल तर टेकू जास्त दिवस ठेवावे लागतात आणि शटरिंगचं भाडं वाढतं. सिमेंटमध्ये वाचलेले पैसे तिथे किती जातात, हे रोज काँक्रीट पुरवणारा माणूस अनुभवाने सांगू शकतो. पुस्तकात ते मिळत नाही.

पत्र कधी पाठवायचं, यालाही महत्त्व आहे. अहवाल बांधून झाल्यावर बोलावलं तर तज्ज्ञाची सूचना कागदावरच राहते. २८ दिवसांचे क्यूब फुटले आहेत आणि ५६ दिवसांचे पाण्यात आहेत, ही वेळ योग्य. तेव्हा उरलेले १२ क्यूब आडवे ठेवून, वजन करून फोडता येतात. वेळ असेल तर ओपीसीचं एक मिश्रणही भरून पाहता येतं.

निदान अहवालाचं शीर्षक तरी दुरुस्त होतं. ‘२० टक्के फ्लाय ॲशचा परिणाम’ याऐवजी ‘पीपीसीमध्ये जादा फ्लाय ॲश घातल्यास ५६ दिवसांपर्यंत ताकदीवर होणारा परिणाम’ असं लिहिलं जातं. पुढच्या वर्षीच्या मुलांना नेमकं कुठून सुरू करायचं, ते अशा शीर्षकावरून कळतं.